तक्ता आणि आलेख यांवरून अभिक्रियेची ऑर्डर कशी काढावी

बारावीच्या वर्कशीटमध्ये हा प्रश्न बहुतेक वेळा दोन भागांत येतो: आधी प्रयोगांचा तक्ता, मग वेगाचा आलेख. तक्त्याचा भाग बहुतेकांना जमतो. मार्क जातात ते आलेखावर, आणि त्याचं कारण म्हणजे सगळीकडे फिरणारा एक सल्ला: 'सरळ रेषा दिसली की पहिली ऑर्डर, वक्र दिसला की दुसरी.' हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. तो का चुकीचा आहे ते एका खऱ्या अभिक्रियेवर दाखवतो.

नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन यांची १२८० अंश सेल्सिअसला होणारी अभिक्रिया घेऊ:

```
2NO + 2H2 → N2 + 2H2O
```

वर्कशीटमध्ये असा तक्ता दिलेला आहे. संहती मिलिमोल प्रति लिटरमध्ये आहे आणि सुरुवातीचा वेग १०⁻⁵ मोल प्रति लिटर प्रति सेकंद या पटीत आहे.

| प्रयोग | [NO] | [H2] | सुरुवातीचा वेग |
|---|---|---|---|
| १ | ५.० | २.० | १.३ |
| २ | १०.० | २.० | ५.० |
| ३ | १०.० | ४.० | १०.० |

सोबत आलेख आहे. आडव्या अक्षावर [NO], उभ्या अक्षावर वेग, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की [H2] सगळीकडे २.० आहे. आलेखाची रेघ शून्यापासून निघते आणि वर वळत जाते.

तक्ता

ज्या दोन ओळींत एकच संहती बदलली आहे अशी जोडी निवडा. प्रयोग २ आणि ३ मध्ये [NO] तेवढाच आहे, [H2] दुप्पट झालाय आणि वेगही दुप्पट झालाय. म्हणून H2 ची ऑर्डर १.

प्रयोग १ आणि २ मध्ये [H2] तोच आहे आणि [NO] दुप्पट झालाय. वेग १.३ वरून ५.० वर गेला, म्हणजे ३.८५ पट. इथे बरेच जण अडतात, कारण त्यांना नेमके ४ हवे असतात. मोजलेले आकडे दोन अंकांपर्यंत गोल केलेले असतात, त्यामुळे गुणोत्तर नेमकं येत नाही. शंका असेल तर लॉग घ्या:

```
n = log(5.0/1.3) / log(10.0/5.0)
  = 0.585 / 0.301 = 1.94 ≈ 2
```

NO ची ऑर्डर २.

समीकरणात NO आणि H2 दोघांच्याही आधी २ आहे, पण ऑर्डर एकाची २ आणि दुसऱ्याची १ आली. समीकरणातले सहगुणक उचलून घातांक म्हणून लिहिणाऱ्याचं उत्तर NO साठी योगायोगाने बरोबर येतं आणि H2 साठी चुकतं. या अभिक्रियेची मान्य यंत्रणा पाहिली की कारण कळतं. आधी NO चे दोन रेणू जोडून N2O2 झटकन बनतो, मग तो H2 च्या एका रेणूशी सावकाश अभिक्रिया करतो. वेग हा सावकाश टप्पा ठरवतो आणि त्यात H2 चा एकच रेणू आहे. दुसरा रेणू त्यानंतर येतो, तोवर वेग ठरून गेलेला असतो.

आलेख: इथे थांबा आणि अक्ष वाचा

शिकत असताना माझा सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर गेला, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो. आलेखाच्या रेघेकडे बघण्याआधी दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. वर्कशीटमध्ये दोन वेगवेगळ्या जातीचे आलेख येतात. एकात आडवा अक्ष संहतीचा आणि उभा अक्ष वेगाचा असतो. दुसऱ्यात आडवा अक्ष वेळेचा आणि उभा अक्ष संहतीचा असतो. रेघ तशीच दिसली तरी दोन्हींमध्ये तिचा अर्थ पूर्णपणे वेगळा असतो.

वेग–संहती आलेखात बिंदूची उंची हाच वेग असतो. आडवी सपाट रेघ म्हणजे संहती कितीही बदला, वेग तोच, म्हणजे शून्य ऑर्डर. शून्यातून निघालेली तिरपी सरळ रेघ म्हणजे पहिली ऑर्डर. वर वळत जाणारी रेघ म्हणजे ऑर्डर १ पेक्षा जास्त. ती २ आहे की दीड, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

संहती–वेळ आलेखात मात्र वेग म्हणजे उंची नव्हे, वेग म्हणजे उतार. इथे खाली उतरणारी सरळ रेघ शून्य ऑर्डरची असते, कारण उतार सगळीकडे सारखा असतो. पहिली आणि दुसरी ऑर्डर या दोन्ही इथे वक्रच दिसतात. 'सरळ म्हणजे पहिली' हा सल्ला इथे आपटतो, आणि 'वक्र म्हणजे दुसरी' हाही. या आलेखात पहिली की दुसरी हे ठरवायचं असेल तर अर्धायू मोजा: संहती ८ वरून ४ वर यायला किती वेळ लागला आणि ४ वरून २ वर यायला किती. दोन्ही वेळ सारखे असतील तर पहिली ऑर्डर. दुसरा वेळ पहिल्याच्या दुप्पट असेल तर दुसरी.

आणखी एक ठाम सूचना. वेग–संहती आलेखावर स्पर्शिका काढून तिच्या उताराला 'वेग' म्हणू नका. स्पर्शिका संहती–वेळ आलेखावर काढायची असते. इथे वेग आधीच उभ्या अक्षावर लिहिलेला आहे, तो फक्त वाचायचा.

वक्र रेघेवरून आकडा कसा काढायचा

आपल्या आलेखात अक्ष [NO] आणि वेग असे आहेत, म्हणजे जात पहिली. आता असे दोन बिंदू निवडा की एकाची संहती दुसऱ्याच्या दुप्पट असेल. कोणते दोन निवडता, याने उत्तरात फार फरक पडतो.

समजा उभ्या अक्षावर एक बारीक चौकोन ०.१ चा आहे. [NO] = २ ला रेघ ०.२ वर आहे आणि [NO] = ४ ला ०.८ वर. नीट वाचलं तर गुणोत्तर ४. पण शून्याजवळ रेघ अक्षाला जवळजवळ चिकटलेली असते आणि एका चौकोनाची चूक सहज होते. ०.२ च्या जागी ०.३ वाचलं की गुणोत्तर २.७ येतं आणि ऑर्डर १.४ निघते. मग वर्कशीटमध्ये 'ऑर्डर दीड' असं उत्तर दिसतं आणि लिहिणाऱ्याला चूक कुठे झाली तेच कळत नाही.

त्याऐवजी [NO] = ४ आणि ८ घ्या. तिथे वेग ०.८ आणि ३.२ आहे. इथेही एका चौकोनाची चूक करून ०.८ च्या जागी ०.९ वाचलं, तरी गुणोत्तर ३.६ येतं आणि ऑर्डर १.८, म्हणजे २ हे स्पष्ट कळतं. माझा नियम असा: मूळ बिंदूपासून जितकं दूर जाता येईल तितकं जा, आणि लहान बिंदूची उंची किमान सात-आठ बारीक चौकोन असू द्या. बिंदू निवडताना आलेखावर ठिपके असतील तरी वाचन रेघेवरून घ्या, ठिपक्यांवरून नको. एखादा ठिपका रेघेच्या वर-खाली असू शकतो आणि रेघ सगळ्या ठिपक्यांचा मेळ घालून काढलेली असते.

वेळ असेल तर याहून भक्कम पडताळा घ्या. आडव्या अक्षावर [NO] ऐवजी [NO]² घेऊन बिंदू पुन्हा मांडा. ऑर्डर खरंच २ असेल तर रेघ सरळ होते आणि शून्यातून जाते. सरळ झाली पण शून्यातून गेली नाही, तर आधी अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघा. कित्येक वर्कशीटमध्ये अक्ष मधूनच सुरू केलेला असतो.

k काढताना

[NO]² विरुद्ध वेग या सरळ रेघेचा उतार k नसतो. आलेखात [H2] स्थिर ठेवलेला आहे, म्हणून तो उतारात मिसळलेला असतो:

```
rate  = k [NO]^2 [H2]
slope = k [H2] = 5.0e-5 / (1.0e-2)^2 = 0.50
k     = 0.50 / 2.0e-3 = 250
```

०.५० हेच k म्हणून लिहिलेलं मी वारंवार पाहतो. आलेखाखालची '[H2] = २.०' ही बारीक ओळ याचसाठी दिलेली असते.

अक्षावरची १०⁻³, १०⁻⁵ ही पटही इथेच अंगावर येते. ऑर्डर काढताना गुणोत्तरात ती कटून जाते, म्हणून ती विसरली तरी ऑर्डर बरोबर येते. k काढताना विसरली की उत्तर हजारो पटीने चुकतं.

एकक आठवून लिहू नका, वेगाचं एकक संहतीच्या एककांनी भागा. इथे एकूण ऑर्डर ३ आहे, म्हणून k चं एकक लिटर² मोल⁻² सेकंद⁻¹ येतं. तुमच्या उत्तरात एकक नुसतं सेकंद⁻¹ आलं असेल तर कुठेतरी तुम्ही एकूण ऑर्डर १ धरली आहे.

उत्तर लिहिताना

'तक्त्यावरून स्पष्ट आहे' असं लिहू नका. तपासणाऱ्याला तीन गोष्टी दिसायला हव्यात: कोणत्या ओळी घेतल्या, काय स्थिर होतं आणि दोन्ही गुणोत्तरं. मी असं लिहायला लावतो:

'प्रयोग २ व ३ मध्ये [NO] स्थिर आहे. [H2] २ पट झाल्यावर वेग २ पट होतो, म्हणून H2 ची ऑर्डर १. आलेखात [H2] स्थिर आहे. [NO] ४ वरून ८ केल्यावर वेग ०.८ वरून ३.२, म्हणजे ४ पट होतो, म्हणून NO ची ऑर्डर २. प्रयोग १ व २ मधूनही हीच ऑर्डर मिळते. एकूण ऑर्डर ३.'

शेवटी k चा पडताळा अशा ओळीवर घ्या जी तुम्ही k काढताना वापरली नाही. आपण उतार काढला तो [NO] = १० ला, म्हणजे प्रयोग २ च्याच आकड्यांवर, म्हणून प्रयोग ३ घ्या: २५० × (१.० × १०⁻²)² × ४.० × १०⁻³ = १.० × १०⁻⁴. तक्त्यात १०.० × १०⁻⁵ आहे, म्हणजे तेच. प्रयोग १ वर १.२५ × १०⁻⁵ येईल आणि तक्त्यात १.३ आहे. तो फरक गोल करण्याचा आहे, तो सोडून द्या. मात्र फरक दुप्पट किंवा निम्मा आला तर k पुन्हा काढत बसू नका, आधी ऑर्डर तपासा.