ऑफर स्वीकारताना उत्तराच्या मेलमध्ये काय लिहाल?

फोनवर ‘हो’ म्हणालात, तरी त्याच दिवशी मेल टाका. ऑफर लेटर ज्या मेलमधून आलं, त्यालाच ‘रिप्लाय ऑल’ करा, म्हणजे सगळा व्यवहार एकाच ठिकाणी राहतो. पदनाम लेटरमध्ये आहे अक्षरशः तसंच लिहा. मुलाखतीत ‘सीनियर’ ठरलं होतं आणि कागदावर तो शब्द नसेल, तर स्वीकारण्याआधी लेटर दुरुस्त करून मागा.

खरी गफलत पगारात होते. ‘सीटीसी ९ लाख मान्य’ एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. लेटरमागचं ब्रेकअपचं पान उघडा. समजा, त्यात ९०,००० व्हेरिएबल आहे आणि बेसिक महिना ३७,५००. बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे वर्षाला ५४,००० हा कंपनीचा पीएफचा वाटा. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २१,६४५. हे तिन्ही वजा केल्यावर उरतात ७,३४,३५५, म्हणजे महिन्याला साधारण ६१,२००. त्यातून तुमचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात येतात ५६,५००, तेही आयकर कापण्याआधी. ९ लाखांना बाराने भागून ७५,००० धरणारा माणूस पहिल्या पगाराला हबकतो, आणि तेव्हा कंपनी तेच पान पुढे करते. व्हेरिएबल कधी मिळणार आणि वर्षाच्या मध्ये रुजू झाल्यास किती, हे हमखास विचारा. ‘सगळ्यांना मिळतंच’ हे एचआरचं तोंडी उत्तर धरू नका, लेखीच घ्या.

रुजू होण्याची तारीख नोटीस पीरियडवरून मोजा. साठ दिवस असतील आणि राजीनामा १ जूनला दिला, तर दुसऱ्या दिवसापासून मोजून शेवटचा दिवस ३१ जुलै येतो. जुनी कंपनी लवकर सोडेल या भरवशावर अलीकडची तारीख देऊ नका.

कागदपत्रांत अडतं ते रिलीव्हिंग लेटर, कारण ते शेवटच्या दिवसानंतरच मिळतं. ते कधी देणार, हे मेलमध्येच सांगून ठेवा. मेल असा:

‘सीनियर अकाउंटंट या पदाची ऑफर मला मान्य आहे. वार्षिक सीटीसी ९,००,०००, त्यात फिक्स्ड ८,१०,००० व व्हेरिएबल ९०,०००, सोबतच्या ब्रेकअपप्रमाणे. रुजू होण्याची तारीख ३ ऑगस्ट. शेवटच्या तीन महिन्यांच्या पे स्लिप जोडल्या आहेत. राजीनामा स्वीकारल्याचा मेल जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि रिलीव्हिंग लेटर १७ ऑगस्टपर्यंत देईन. तोवर राजीनामा स्वीकारल्याचा मेल चालेल का, हे कृपया कळवावे. व्हेरिएबल कधी व कसे मिळेल, हेही कळवावे.’

सही केलेलं ऑफर लेटर पीडीएफ करून जोडा आणि एक प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. दोन्ही प्रश्नांची लेखी उत्तरं आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.