बाबांची परदेशवारी आणि पॉलिसीतली बारीक अक्षरं

समजा, बाबा 72 वर्षांचे आहेत, बीपी आणि शुगर जुनी, चार वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला, आणि आता सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला ताईकडे निघालेत. प्रवास विम्याचा एजंट पहिल्यांदा विचारेल, कव्हर 50 हजार डॉलरचं हवं की एक लाखाचं? ते नंतर ठरवा. आधी एका कागदावर लिहा की कोणता आजार कधीपासून आहे, कोणती गोळी किती मिलिग्रॅमची आणि डोस शेवटचा कधी बदलला. काही पॉलिसी निघण्याआधीच्या ठरावीक दिवसांत औषध बदललं असेल तर त्या आजाराचा क्लेम देत नाहीत.

फॉर्म भरताना हाच कागद समोर ठेवा आणि त्यातलं काही गाळू नका. प्रीमियम वाचवायला स्टेंट लपवला, तर हॉस्पिटलच्या जुन्या नोंदींतून तो बाहेर येतोच आणि क्लेम नाकारला जातो.

मग माहितीपत्रक बाजूला ठेवून पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा मजकूर मागवा आणि आधीपासूनच्या आजारांचं कलम शोधा. भारतीय पॉलिसींत बहुधा अशा आजारासाठी फक्त जीव धोक्यात असतानाचा खर्च मिळतो, तोही वेगळ्या, छोट्या मर्यादेत. अमेरिकी व्हिजिटर प्लॅनमध्ये 'अ‍ॅक्यूट ऑनसेट' हे शब्द दिसतील. म्हणजे त्रास अचानक, आधी काही लक्षण नसताना व्हायला हवा आणि उपचार बहुतेक ठिकाणी 24 तासांच्या आत सुरू व्हायला हवेत. रात्री छातीत कळ आली आणि ताईने लगेच इमर्जन्सीत नेलं, तर क्लेमला जागा आहे. पण पायाची जखम तीन आठवडे चिघळत राहिली आणि शुगर हळूहळू चढली, तर तो खर्च घरचाच. 'उद्या बघू' ही आपल्या वडीलधाऱ्यांची सवय इथे महागात पडते! हा लाभ किती वयापर्यंत आहे तेही बघा. काही प्लॅनमध्ये तो 70 किंवा 80 नंतर घटतो, नाहीतर संपतोच.

स्वस्त प्लॅन समोर आला की तो 'फिक्स्ड बेनिफिट' आहे का ते विचारा. समजा, त्यात खोलीचे दिवसाला 1,500 डॉलर लिहिलेत आणि बिल दिवसाला 6,000 चं आलं, तर रोजचे 4,500 तुमच्या खिशातून, कव्हर एक लाखाचं असलं तरी. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' प्लॅन महाग असतो, पण डिडक्टिबल, म्हणजे आधी तुम्ही भरायची ठरलेली रक्कम, वजा झाल्यावर खर्चाचा मोठा वाटा उचलतो. या वयाला मी तोच घेईन.

नियमित तपासणी, रोजच्या गोळ्या, मोतीबिंदू, दातांची कामं यांना सहसा कव्हर नसतं. म्हणून ती कामं इथेच उरकून घ्या आणि गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत द्या. पॉलिसी नंबर आणि 24 तासांचा मदत क्रमांक ताईच्या फोनमध्ये आणि बाबांच्या पाकिटात, दोन्हीकडे असू दे. भरती करताच कळवावं लागतं.