मॉस कपॅसिटरचं थ्रेशोल्ड व्होल्टेज काढताय? या चुका टाळा

एक उदाहरण धरून बोलू, नाहीतर सगळं हवेत राहतं. पी-टाइप सिलिकॉन, डोपिंग १०¹⁷ दर घन सेंटीमीटर, वर १० नॅनोमीटरचं सिलिकॉन डायऑक्साइड आणि त्याच्यावर एन-प्लस पॉलिसिलिकॉनचं गेट. तापमान ३०० केल्व्हिन, खालचं सबस्ट्रेट ग्राउंडला. ह्याचं थ्रेशोल्ड काढा म्हटलं की बरेच जण १.३२ व्होल्ट असं उत्तर देतात. खरं उत्तर आहे ०.३४ च्या आसपास. जवळजवळ १ व्होल्टचा फरक! आणि गंमत म्हणजे गणितात कुठेच आकडेमोड चुकलेली नसते.

शून्य व्होल्टपासून मोजायला सुरुवात करणं

चूक इथे होते. डोक्यात चित्र असं असतं की गेटवर मायनस व्होल्टेज म्हणजे अक्युम्युलेशन, शून्य म्हणजे काहीच नाही, प्लस म्हणजे डिप्लीशन आणि अजून प्लस म्हणजे इन्व्हर्जन. ऐकायला छान वाटतं पण ते फक्त तेव्हाच बरोबर जेव्हा गेट आणि सिलिकॉनचं वर्क फंक्शन सारखं असतं आणि ऑक्साइडमध्ये एकही चार्ज नसतो, म्हणजे जवळपास कधीच नाही.

एन-प्लस पॉलीची फर्मी लेव्हल कंडक्शन बँडला टेकलेली, आपल्या पी-टाइपची व्हॅलन्स बँडकडे झुकलेली. दोन्ही जोडले की फर्मी लेव्हल एका रेषेत येतात आणि त्यासाठी बँड वाकतात, गेटवर काही न लावताच. ते सरळ करायला जे व्होल्टेज द्यावं लागतं ते फ्लॅट बँड व्होल्टेज, आपल्या केसमध्ये ते निघतं −०.९८ व्होल्ट. खरा "शून्य" हा. ह्याच्या खाली गेलात तर होल्स पृष्ठभागावर गोळा होतात, म्हणजे अक्युम्युलेशन. ह्याच्या वर डिप्लीशन.

मग गेट शून्य व्होल्टवर असताना आपला कपॅसिटर कुठे आहे? डिप्लीशनमध्ये, आणि तोही बराच पुढे. सोडवून बघितलं तर पृष्ठभागाचं पोटेन्शियल ०.५८ व्होल्ट निघतं, जे φF म्हणजे फर्मी पोटेन्शियलच्या (०.४२ व्होल्ट) वर आहे. म्हणजे काहीही न लावता पृष्ठभागावर होल्सपेक्षा इलेक्ट्रॉन्स जास्त झालेत. मी पहिल्यांदा हे काढलं तेव्हा दोनदा तपासलं होतं, विश्वासच बसेना.

मग थ्रेशोल्ड φF वर का नाही, 2φF वर का?

हा प्रश्न चांगला आहे, आणि "व्याख्या तशी आहे" हे उत्तर अर्धवट. पृष्ठभागाचं पोटेन्शियल φF झालं की तिथे इलेक्ट्रॉन्स फक्त ni इतके होतात, म्हणजे १०¹⁰. सबस्ट्रेटमध्ये होल्स १०¹⁷ आहेत, त्यांच्यापुढे हे काहीच नाही. इलेक्ट्रॉन्स दर ६० मिलिव्होल्टला दहापट होतात, त्यामुळे शून्य गेटवर जे ०.५८ व्होल्ट आलं तिथे ते साधारण ५ × १०¹² आहेत, अजून चार दशकांहून जास्त अंतर बाकी. पोटेन्शियल 2φF म्हणजे ०.८३५ व्होल्टला पोचलं की पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन्स आतल्या होल्सइतके होतात, १०¹⁷. इथून पुढे गेट वाढवलं की नवा चार्ज मुख्यतः इलेक्ट्रॉन्समधूनच येतो, कारण पोटेन्शियल जरासं सरकलं तरी त्यांची संख्या भराभर वाढते आणि डिप्लीशनला अजून खोल जायची गरजच उरत नाही. म्हणून डिप्लीशनची रुंदी आपल्या केसमध्ये १०४ नॅनोमीटरच्या आसपास अडकते.

म्हणूनच थ्रेशोल्डच्या सूत्रात इन्व्हर्जनचा चार्ज येत नाही! थ्रेशोल्डपाशी गेटला मुख्यतः डिप्लीशनमधल्या अॅक्सेप्टर आयन्सचाच चार्ज तोलायचा असतो, इलेक्ट्रॉन्सचा वाटा तेव्हा अगदीच थोडा. बरेच जण सूत्र पाठ करतात आणि तिसरी टर्म इन्व्हर्जन लेयरची समजतात, तसं नाहीये.

आता तीन हप्ते जोडा, पहिला बँड सरळ करायला, दुसरा 2φF इतके वाकवायला, तिसरा डिप्लीशन चार्जमुळे ऑक्साइडवर जो ड्रॉप पडतो त्याला:

```
phiF = 0.0259 * ln(1e17/1e10)   = 0.42 V
VFB  = -(0.56 + 0.42)           = -0.98 V
Cox  = 3.9*8.854e-14 / 1e-6     = 3.45e-7 F/cm2
Qdep = 1.6e-19 * 1e17 * 1.04e-5 = 1.66e-7 C/cm2
VT   = -0.98 + 0.835 + 0.48     = 0.34 V
```

ते १.३२ आलं कुठून हे आता दिसलं असेल, शेवटचे दोनच हप्ते जोडले होते. आणि `1e-6` कडे नीट बघा, १० नॅनोमीटर म्हणजे १०⁻⁶ सेंटीमीटर. इथे मीटर टाकून बाकी सगळं सेंटीमीटरमध्ये ठेवलं तर Cox शंभरपट मोठा येतो आणि ऑक्साइडवरचा ड्रॉप ५ मिलिव्होल्ट दिसतो. थ्रेशोल्ड निगेटिव्ह आलं की आधी हे तपासा.

ऑक्साइडमध्ये फिक्स्ड चार्ज असेल तर तो पॉझिटिव्ह असतो आणि थ्रेशोल्ड खाली ओढतो. इंटरफेसपाशी दर चौरस सेंटीमीटरला १०¹¹ चार्ज असले तर साधारण ४६ मिलिव्होल्ट कमी. जाड ऑक्साइड असेल तर हाच चार्ज जास्त त्रास देतो, कारण Cox लहान होतो.

सी-व्ही कर्व्ह वर आला नाही म्हणून सॅम्पल फेकून देणं

हे मी स्वतः केलंय म्हणून लिहितो. वाचलेलं असतं की इन्व्हर्जनमध्ये कपॅसिटन्स परत Cox ला जातो, आणि आपण १ मेगाहर्ट्झवर मोजतो तर तो खाली जातो आणि खालीच राहतो. मी अख्खी दुपार प्रोबचा कॉन्टॅक्ट घासत बसलो होतो. सॅम्पल ठीक होतं.

विचार करा, नुसत्या मॉस कपॅसिटरला सोर्स-ड्रेन नाहीत, मग इन्व्हर्जनचे इलेक्ट्रॉन्स येणार कुठून? थर्मल जनरेशनमधून, आणि ते हळू असतं. १ मेगाहर्ट्झच्या सिग्नलमागे इलेक्ट्रॉन्स धावू शकत नाहीत, त्यामुळे सिग्नलला डिप्लीशनच्या टोकाचे होल्सच उत्तर देतात आणि मीटरला Cox आणि डिप्लीशन कपॅसिटन्स सीरिजमध्ये दिसतात. आपल्या केसमध्ये ते Cox च्या साधारण ०.२२ पट. तिथे सपाट झाला तर इन्व्हर्जन झालेलं आहे, फक्त सिग्नलला दिसत नाहीये. फ्रिक्वेन्सी पुरेशी खाली नेली की कर्व्ह परत वर चढतो.

पण ०.२२ च्याही खाली घसरतच गेला तर ती वेगळी गोष्ट, तो डीप डिप्लीशन. इथे डीसी स्वीपच इतका जलद आहे की इलेक्ट्रॉन्स तयार व्हायला वेळ मिळत नाही, म्हणून डिप्लीशन १०४ नॅनोमीटरच्या पुढे पसरतं. ओळखायचं कसं, तर स्वीप थांबवून त्याच व्होल्टेजवर थांबा, कपॅसिटन्स हळूहळू वर येऊन सपाट पातळीला टेकला की डीप डिप्लीशनच. मग स्वीप हळू करा, किंवा इन्व्हर्जनच्या टोकाला काही क्षण लाइट पाडा, तो बंद करून कपॅसिटन्स स्थिर होऊ द्या आणि तिथून अक्युम्युलेशनकडे स्वीप करा. लाइट चालू ठेवून मोजू नका, फोटोजनरेशनमुळे इन्व्हर्जनकडचा भाग बदलतो.