डॅशबोर्डचा फोटो गेला, आता तो उद्गारचिन्हवाला दिवा कोणता हे कसं ओळखायचं

मागच्या महिन्यात मावशीचा दुपारी मेसेज आला, बघ रे हे काय लागून राहिलं गाडीत, आणि खाली डॅशबोर्डचा फोटो. मी कामात होतो, संध्याकाळी उघडून पाहतो तर फोटो गायब, मावशीने चुकून सगळ्यांसाठी डिलीट केला होता आणि फोनची मेमरी फुल झाली म्हणून गॅलरीतूनही उडवला होता. उरलं काय, तर तिचा एक व्हॉइस मेसेज, "अरे गोल आहे, मधात उद्गारचिन्ह आहे, लाल की केशरी ते उन्हात कळलं नाही, आणि आता तर विझलाय."

अशा वेळी लोक एकतर "विझला ना, मग जाऊ दे" म्हणतात किंवा "सेन्सर खराब असेल" म्हणून मोकळे होतात. दोन्ही नको. फोटो नसला तरी दिवा ओळखता येतो, आणि खरं सांगतो, फोटोत फक्त एक क्षण दिसतो, दिवा केव्हा लागला आणि केव्हा विझला हे त्यात कुठेच नसतं, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

आधी फोनचा डिलीट केलेल्या फोटोंचा फोल्डर एकदा बघून घ्या, बहुतेक फोनमध्ये फोटो तिथे काही दिवस पडून असतो. मिळाला तर बरं. नाही मिळाला तर पुढचं करा.

आकार विचारा, पण बरोबर प्रश्नाने

"कसा दिसत होता" असं विचारलं की समोरचा गोंधळतो. त्यापेक्षा कागदावर काढायला सांगा, वाकडंतिकडं चालेल. मावशीला मी हेच सांगितलं आणि तिने वीज बिलाच्या मागे पेनने काढून पाठवलं. उद्गारचिन्हाचे दिवे गाडीत चार-पाच असतात, म्हणून प्रश्न उद्गारचिन्हाचा नाहीच, त्याच्या भोवती काय आहे हा आहे. पूर्ण गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेघा असतील तर तो ब्रेकचा. गोल पूर्ण नाही, वरून उघडं मडकं आहे आणि त्याला खाली दाते आहेत, तर तो टायरच्या हवेचा. त्रिकोणात असेल तर तो बहुतेक जनरल वॉर्निंगचा असतो, बाजूला स्टीअरिंगचं चाक असेल तर पॉवर स्टीअरिंगचा आणि दातेरी चाकात असेल तर गिअरबॉक्सचा. ही चिन्हं सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखीच असतात, बारीक फरक बघायचा तर गाडीचं मॅन्युअल काढा, पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाईटवर पीडीएफ मिळते.

मावशीच्या चित्रात गोल पूर्ण होता पण कंस नव्हते. तिला आठवत नव्हते. त्यामुळे ब्रेक की टायर हा प्रश्न तसाच राहिला, कारण घाईत पाहिलं की मडकंही गोलच वाटतं.

रंग ठरवायची युक्ती

टायरचा दिवा पिवळा असतो, ब्रेकचा लाल, पण दुपारच्या उन्हात काचेवर चकाकी असली की माणूस दोन्हीला केशरी म्हणतो. आठवणीतल्या रंगावर भरवसा ठेवण्यापेक्षा तो दिवा परत लावून पाहायचा, आणि त्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे हँडब्रेक. बहुतेक साध्या गाड्यांत हँडब्रेक ओढल्यावर जो दिवा लागतो तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो, दोघांना एकच. म्हणून गाडी सपाट जागी सावलीत उभी करा, चावी ऑन करा, हँडब्रेक ओढा आणि विचारा, हाच होता का? बटणवाला हँडब्रेक असेल तर काही गाड्यांत त्याला गोलात पी असा वेगळा दिवा असतो, तिथे ही युक्ती लागू पडत नाही.

दुसरी रीत चावीची. इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑनवर न्या, बटण स्टार्ट असेल तर ब्रेक आणि क्लच दोन्हीवरून पाय काढून बटण दोनदा दाबा. गाडी स्वतःचे दिवे तपासायला बरेचसे दिवे काही सेकंद एकदम लावते. तेवढ्यात व्हिडिओ काढा, मग थांबवून बघत एकेकावर बोट ठेवायला सांगा. व्हिडिओ हरवला तरी हरकत नाही, चावी परत फिरवली की तेच दिवे परत लागतात.

मावशीने गाडी घराखाली आणली, हँडब्रेक ओढला आणि लगेच म्हणाली, "हाच, हाच! आणि बाजूला कंस पण आहेत रे." झालं, ब्रेकचा लाल दिवा, दिवा ठरला.

आता केव्हा लागला ते विचारा

इथे घाई करू नका. मी विचारलं, मावशी हँडब्रेक थोडासा ओढलेला राहिला होता का, कारण एक दाताही वर राहिला तर दिवा लागतो आणि ते सगळ्यात साधं कारण आहे. ती म्हणाली नाही, पूर्ण खाली होता. मग सांगितलं की वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून अजनीकडे उतरताना ब्रेक दाबला तेव्हा लागला, खाली सपाट रस्त्यावर आल्यावर विझला, परत सिग्नलला जोरात ब्रेक मारला तेव्हा एक सेकंद चमकला.

ही गोष्ट फोटोतून कधीच कळली नसती. उतारावर, वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना लागतो आणि सपाट रस्त्यावर विझतो, म्हणजे बहुतेक वेळा ब्रेक ऑइलची पातळी अगदी काठावर आलेली असते. ऑइलच्या डब्यात एक छोटा तरंगता फ्लोट असतो, गाडी पुढे झुकली की ऑइल पुढे सरकतं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो, सपाट झाल्यावर फ्लोट वर. पातळी अजून खाली गेली की दिवा कायमचा लागून राहतो. म्हणून विझलेला दिवा म्हणजे बरं झालं असं नाही, तो आधीची सूचना देऊन गेला.

तुलनेसाठी टायरच्या दिव्याची वागणूक वेगळी असते. तो डिसेंबरच्या सकाळी, नागपुरात पारा दहाच्या आसपास आला की लागतो आणि गाडी चालून टायर तापले की काही वेळा विझतो, कारण दहा अंश थंडी वाढली की टायरची हवा साधारण दीड-दोन पीएसआय कमी होते. ब्रेकच्या झोल्याशी त्याचा संबंध नसतो. चावी ऑन केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर प्रश्न हवेचा नाही, सेन्सर तपासायचा.

बॉनेट उघडून खात्री करा

ब्रेक ऑइलचा डबा आपल्याकडच्या गाड्यांत सहसा ड्रायव्हरच्या बाजूला, काचेजवळ, मागच्या भिंतीला लागून असतो. अर्धपारदर्शक प्लॅस्टिक, बाहेर MAX आणि MIN अशा रेघा. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी ठेवून बाहेरूनच बघा, गरज नसताना झाकण उघडू नका, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. मोबाईलची टॉर्च डब्याच्या मागून धरली की रेघ नीट दिसते. मावशीच्या गाडीत पातळी MIN च्या रेघेला नुसती टेकली होती.

आता सगळ्यांना वाटतं की बाटली आणा आणि भरा, पण थांबा. ऑइल कमी होण्याची दोन मोठी कारणं आहेत. एक म्हणजे ब्रेक पॅड झिजले, पॅड जसजसे पातळ होतात तसतसे त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर सरकतात आणि मागे झालेल्या जागेत ऑइल जातं, हे हळूहळू होतं आणि नैसर्गिक आहे. दुसरं म्हणजे गळती, आणि ती धोक्याची. पॅडचं कारण असताना वरून भरलं तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलतात तेव्हा ऑइल उतू जाऊन रंग खातं. गळती असताना भरलं तर खरा रोग लपतो.

फरक कळायला एक चाचणी आहे. इंजिन बंद, पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल, मग पाय जोराने तसाच अर्धा मिनिट ठेवा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर गळती किंवा आतली सील गेली, गाडी चालवू नका. सोबत चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि पेडलखालच्या मॅटवर ओल आहे का बघा. क्लचलाही काही गाड्यांत याच डब्यातून ऑइल जातं, म्हणून क्लच पेडलखालीही हात लावून बघा.

मावशीचं पेडल घट्ट राहिलं, ओल कुठेच नाही. मी सांगितलं, हळू चालवत जवळच्या गॅरेजला ने, रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये घालू नको. गॅरेजमध्ये चाक काढलं तर पुढचे पॅड जवळपास लोखंडापर्यंत आलेले, दोनेक मिलिमीटर मटेरियल उरलं होतं. नवे पॅड बसवले आणि पिस्टन मागे गेल्यावर डब्यातली पातळी आपोआप वर आली, मेकॅनिकने थोडंच ऑइल घातलं, तेही झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचं, DOT 3 किंवा DOT 4 जे लिहिलं असेल तेच घालायचं.

पेडल स्पंजसारखं लागलं, खूप खाली गेलं, किंवा लाल दिव्यासोबत पिवळा एबीएसचा दिवाही लागला तर गॅरेजपर्यंतही चालवू नका, टोईंग बोलवा. दोन दिवे एकत्र म्हणजे मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बिघडलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं जाम होऊ शकतात.

आणि गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून कोड नाही आला तर "काहीच नाही" असं कोणी म्हणालं तर मानू नका. बऱ्याच गाड्यांत ऑइलचा फ्लोट हा नुसता स्विच असतो, तो फक्त दिवा लावतो, कोड साठवत नाही.

मेकॅनिकला पाठवताना मावशीचा मेसेज असा लिहून दिला होता, तुम्हीही असाच लिहा: "लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह, बाजूला कंस. हँडब्रेक खाली असताना लागला. पुलाच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर लागतो, सपाट रस्त्यावर विझतो. पेडल घट्ट आहे. ऑइल MIN ला टेकलंय, ओल कुठे नाही." मेकॅनिकने फोटो मागितलाच नाही, थेट म्हणाला, पॅड बघतो, पुढचे आधी.