आरओच्या एएमसीचे पैसे असे वसूल केले

मनीषनगरच्या आमच्या घरी आरओची एएमसी होती: ३,६०० रुपये, वर्षात तीन भेटी. आठ महिने झाले तरी कोणी फिरकलं नाही. सेडिमेंट फिल्टर तपकिरी पडला, धार बारीक झाली.

फोनवर कंपनीवाले म्हणाले, "उरलेल्या चार महिन्यांचे १,२०० घ्या." हा हिशोब मला साफ अमान्य होता. पैसे भेटींचे होते, महिन्यांचे नव्हे. रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं, सोबत पावती आणि कोऱ्या सर्व्हिस कार्डाची झेरॉक्स:

"ठरलेल्या दोन भेटी झाल्या नाहीत. पंधरा दिवसांत सर्व्हिस देऊन मुदत आठ महिने वाढवा, नाहीतर त्या भेटींचे २,४०० परत करा. अन्यथा ही सेवेतील त्रुटी समजून ग्राहक आयोगात तक्रार करीन."

मेकॅनिक आला, फिल्टर बदलले. वाढीव मुदत कार्डावर लिहून घेतल्यावरच मी सही केली.