अर्ज विचाराधीन असताना नवे एनडीटी प्रमाणपत्र एचआरला कसे कळवावे

समजा, खानापूरच्या एका मेकॅनिकल डिप्लोमाधारकाने बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज केला आहे. पोर्टलवर `Under Review` दिसते आहे. तेवढ्यात एमपीआय आणि डीपी टेस्ट या एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधण्याच्या दोन पद्धतींचा त्याचा लेव्हल टूचा निकाल हाती आला. आता हे एचआरला कळवायचे आहे.

मेल लिहिण्याआधी प्रमाणपत्र नीट वाचा. बहुतेक संस्था एएसएनटी या अमेरिकी संस्थेच्या एसएनटी-टीसी-१ए या शिफारशींनुसार प्रशिक्षण आणि परीक्षा घेतात. या पद्धतीत लेव्हल टू म्हणून अधिकृत करण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्या कंपनीचा असतो. कंपनीची लेखी कार्यपद्धती असते आणि त्यांचा लेव्हल थ्री, म्हणजे सर्वात वरच्या पातळीचा तज्ज्ञ, तुमचे प्रशिक्षणाचे तास, गुण आणि अनुभव पाहून सही करतो. नोकरी सुटली की त्या कंपनीने दिलेले प्रमाणनही संपते. म्हणून ‘मी एएसएनटी प्रमाणित लेव्हल टू आहे’ असे लिहिणे धोक्याचे. क्वालिटीचा जाणकार माणूस तिथेच भुवया उंचावतो. ‘एसएनटी-टीसी-१ए नुसार एमटी व पीटी लेव्हल टूचे प्रशिक्षण पूर्ण, परीक्षा उत्तीर्ण’ एवढेच लिहा. एमपीआयला कागदावर एमटी आणि डीपीला पीटी म्हणतात, तेव्हा मेलमध्येही तीच अक्षरे ठेवा. जाहिरातीत आयएसओ ९७१२ मागितले असेल, तर ती योजना वेगळी आहे. तिथे हे प्रमाणपत्र त्याच्या जागी चालेल असे गृहीत धरू नका.

मग गुणपत्रक काढा. सामान्य, विशिष्ट आणि प्रात्यक्षिक अशा तीन परीक्षा असतात. प्रत्येकीत किमान ७० टक्के आणि सरासरी किमान ८० टक्के लागतात. आपल्या उमेदवाराला एमटीत ८४, ७८ आणि ८८ मिळाले असतील, तर सरासरी ८३.३ येते आणि काम झाले. पण ७२, ७४ आणि ८५ असतील, तर एकही विषय गेलेला नसताना सरासरी ७७ येते. असा कागद पाठवण्यात अर्थ नाही. नजरेच्या तपासणीचा दाखलाही सोबत हवा. जवळची नजर दरवर्षी तपासावी लागते, म्हणून वर्षाहून जुना दाखला असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

आपल्या भागातली खरी अडचण नावाची. दहावीच्या मार्क्सकार्डावर आद्याक्षरे, आधारवर पूर्ण नाव, प्रमाणपत्रावर आडनाव आधी असे सर्रास दिसते. पत्त्यात कुठे `Belgaum`, कुठे `Belagavi`. २०१४ मध्ये नाव बदलल्याचे बेळगावच्या एचआरला ठाऊक असते, पण बेंगळूरु किंवा पुण्यात बसून कागद पडताळणाऱ्या एजन्सीचा माणूस अडू शकतो. गावाच्या नावाचा फरक चालून जातो, माणसाच्या नावाचा नाही. प्रमाणपत्रावर स्पेलिंग चुकले असेल, तर आधी संस्थेकडून दुरुस्त करून घ्या.

कळवताना सर्वात चांगली जागा म्हणजे अर्जाची पोच ज्या मेलवर आली, त्याच धाग्यात उत्तर देणे. मात्र पत्ता `noreply` असेल तर ते उत्तर कोणी वाचत नाही. तेव्हा जाहिरातीतल्या मेलवर लिहा. पोर्टलवरचा प्रोफाइल बदलून थांबू नका. बऱ्याच पोर्टलवर अर्जासोबत गेलेला बायोडाटा त्या दिवशीचाच राहतो आणि नवी फाइल फक्त पुढच्या अर्जांना लागते. अर्ज मागे घेऊन पुन्हा भरण्याचा मोहही टाळा. काही पोर्टल त्याच जागेसाठी दुसरा अर्ज स्वीकारत नाहीत.

विषयात पद आणि अर्ज क्रमांक टाका. मेल इंग्रजीत पाठवा, कारण वाचणारा कन्नड किंवा तमीळ भाषकही असू शकतो. इंग्रजीत मांडायचा मजकूर साधारण असा:

‘क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी माझा अर्ज विचाराधीन आहे. अर्जानंतर मी एसएनटी-टीसी-१ए नुसार एमटी व पीटी लेव्हल टूची परीक्षा उत्तीर्ण झालो. प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि नेत्रतपासणीचा दाखला जोडला आहे. सुधारित बायोडाटाही सोबत आहे. कृपया अर्जासोबत नोंद घ्यावी.’

प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि दाखला यांची मिळून एकच पीडीएफ करा, बायोडाटा वेगळा ठेवा. मोबाइलने तिरका काढलेला फोटो नको, कारण शिक्का आणि लेव्हल थ्रीची सही वाचता आली पाहिजे. फाइलला `scan001.pdf` असे न ठेवता `Surname_Name_MT_PT_L2.pdf` असे नाव द्या.

परीक्षा दिली आहे पण निकाल बाकी आहे, अशा अवस्थेत मेल करू नका. नंतर दुसरा मेल करावा लागतो आणि पहिल्याचे वजन जाते. मुलाखतीची तारीख आधीच आली असेल, तर मेल करूनही मूळ प्रती घेऊन जा. उत्तर नाही आले तर आठवड्याने एकदा त्याच धाग्यात पोच विचारा, त्याहून अधिक नको.