नॉच फिल्टर लावूनही 50 हर्ट्झ जात नाही? या चुका टाळा

दर वर्षी परीक्षेच्या सुमारास शेवटच्या वर्षाची मुलं ईसीजीचा प्रोजेक्ट घेऊन येतात आणि तक्रार ठरलेली असते: विजेच्या 50 हर्ट्झची गुणगुण कापणारा नॉच फिल्टर लावला, पण रेषा थरथरतेच. गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. एकक वर्तुळावर 50 हर्ट्झच्या कोनाला झिरोची जोडी ठेवायची, म्हणजे ती वारंवारता पूर्ण मरते. त्याच कोनावर, पण वर्तुळाच्या किंचित आत, केंद्रापासून r अंतरावर पोलची जोडी ठेवायची, म्हणजे शेजारच्या वारंवारता वाचतात. कोन काढायचा 360 × 50 / fs असा; fs म्हणजे सॅम्पलिंग रेट, सेकंदाला किती रीडिंग. 500 च्या सॅम्पलिंगला तो 36 अंश येतो. इथपर्यंत सगळे पोहोचतात. घोळ होतो तो पुढे.

सॅम्पलिंग रेट मोजायच्या ऐवजी गृहीत धरणं

इंदूरमध्ये आमच्या राजेंद्रनगरातला एक मुलगा आर्डुइनोवर ईसीजी घेत होता. लूपमध्ये `delay(2)` होतं, म्हणून fs 500 धरला, झिरो 36 अंशांवर आणि r = 0.99. गुणगुण तसूभरही कमी झाली नाही. त्याने r वाढवून 0.995 केला, मग 0.999. फरक शून्य. मग त्याने एकामागे एक तीन नॉच लावले. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "काका, फिल्टरच चालत नाहीये."

मी त्याला r ला हात लावू दिला नाही. घड्याळ लावून एक मिनिट डेटा घ्यायला सांगितला आणि ओळी मोजायला लावल्या. 30,000 हव्या होत्या, आल्या 28,000. `delay(2)` दोन मिलिसेकंद थांबतं हे खरं, पण रीडिंग घ्यायला आणि ते पाठवायला लागणारा वेळ त्यावर वेगळा जातो. खरा fs निघाला 466.7. आता 36 अंश म्हणजे 466.7 चा दहावा भाग, म्हणजे नॉच बसला होता 46.7 हर्ट्झवर. r = 0.99 ला त्या नॉचची रुंदी जेमतेम दीड हर्ट्झ, म्हणून 50 ची सुमारे 97 टक्के गुणगुण त्याच्या बाजूने आरामात निघून जात होती. r वाढवला की खड्डा आणखी अरुंद होतो, म्हणजे तो प्रत्येक पावलागणिक स्वतःचं नुकसानच करत होता.

हे ओळखायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. फिल्टर न लावता स्पेक्ट्रम काढा. 500 धरून काढलेल्या त्याच्या स्पेक्ट्रममध्ये टोक 50 वर नव्हतं, 53.6 वर होतं. वीज कंपनी 53.6 हर्ट्झ पुरवत नाही. टोक तिथे दिसलं की घड्याळ चुकलंय एवढाच त्याचा अर्थ. मी तर आधी कच्चा स्पेक्ट्रम पाहिल्याशिवाय कुणाचेही गुणांक वाचत नाही.

कोन 38.57 अंश केला आणि पहिल्याच रनला रेषा शांत झाली. तरी खरा उपाय कोन बदलणं हा नव्हे. `delay` काढून `micros()` पाहून ठरलेल्या क्षणी रीडिंग घ्या, म्हणजे fs खरोखर 500 राहतो. प्रिंट होणाऱ्या आकड्याची लांबी बदलली की लूपचा वेळ बदलतो, आणि मग कुठलाच कोन कायमचा बरोबर राहत नाही.

r जितका 1 जवळ तितकं चांगलं, हा समज

घाई असलेल्यांची ही आवडती चूक. अरुंद नॉच कागदावर सुंदर दिसतो. पण रुंदी साधारण (1 − r) × fs / π हर्ट्झ असते. 500 ला r = 0.999 घेतला की ती 0.16 हर्ट्झ, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना 0.08. आपल्या ग्रिडची नियमाने ठरलेली पट्टीच 49.90 ते 50.05 हर्ट्झ आहे. वारंवारता 49.90 ला सरकली की हा नॉच फक्त पाचवा हिस्सा गुणगुण कापतो, जवळजवळ 78 टक्के तशीच राहते. तिथेच r = 0.99 असेल तर फक्त आठवा हिस्सा उरतो.

दुसरी किंमत वेळेची. पोल वर्तुळाच्या जितके जवळ, तितका फिल्टरला स्थिरावायला वेळ लागतो. हा वेळ-स्थिरांक साधारण 1 / ((1 − r) × fs) सेकंद. 0.999 ला तो दोन सेकंद येतो, म्हणून गुणगुण एक टक्क्यावर यायला नऊ सेकंदांहून जास्त लागतात. पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग करून "फिल्टर बिघडलाय" म्हणणाऱ्यांचा फिल्टर अजून स्थिरावतच असतो. 0.99 ला हेच काम एका सेकंदाच्या आत होतं.

म्हणून r मी कधीच आधी निवडत नाही. आधी रुंदी ठरवतो. ईसीजीला दोन हर्ट्झ मला पुरतात, आणि r त्यातून काढतो:

```python
import numpy as np
fs, f0, bw = 500.0, 50.0, 2.0
r = 1 - np.pi*bw/fs          # 0.987
w = 2*np.pi*f0/fs
b = np.array([1, -2*np.cos(w), 1])
a = np.array([1, -2*r*np.cos(w), r*r])
b = b * a.sum()/b.sum()
```

शेवटची ओळ गाळू नका. ती शून्य हर्ट्झवरची पातळी 1 वर आणते; नाहीतर r = 0.95 ला बेसलाइन साडेचार टक्क्यांनी वर जाते. दुसऱ्याचा r उचलूनही आणू नका: 0.99 हा 500 ला दीड हर्ट्झचा नॉच देतो, तोच आकडा 8000 च्या आवाजाला लावला तर पंचवीस हर्ट्झचा खड्डा पडतो.

r फार कमी केला तर ठोक्यानंतर रेषेवर लहरी उठतात. त्या गुणगुणीच्या नाहीत, फिल्टरच्या आहेत. फरक सोपा आहे: गुणगुण सगळीकडे सारखी असते, ही लहर प्रत्येक क्यूआरएसनंतर, म्हणजे ठोक्याच्या टोकदार भागानंतर सुरू होते आणि विझत जाते. r वाढवला की लहर लहान होते पण लांबते, कमी केला की उलट. सिग्नल पुढून आणि मागून असा दोनदा गाळणारं `filtfilt` वापरलंत तर ती ठोक्याच्या आधीही दिसेल. क्यूआरएसच्या लगेच पुढचा एसटी भाग वाचायचा असेल तर ही लहर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

पोलशिवाय नुसते झिरो ठेवू नका. 500 ला 36 अंशांवरची झिरोची जोडी शून्य हर्ट्झला 0.38 पट करते आणि 250 हर्ट्झला 3.62 पट. गुणगुण जाते, पण खरखर बेसलाइनच्या तुलनेत नऊपटीहून जास्त वर येते.

गुणांक गोल करू नका. 2cos36° म्हणजे 1.618, तो 1.6 केला की झिरो 36.87 अंशांवर, म्हणजे 51.2 हर्ट्झवर जातात. इंटिजरमध्ये लिहिणारे इथेच फसतात.

`cos` ला अंश देऊ नका, रेडियन द्या.

r बरोबर 1 केला तर पोल झिरोंवरच बसतात आणि फिल्टर उरतच नाही. राउंडिंगने किंचित बाहेर गेला तर आउटपुट वाढत वाढत फुटतं.

गुणगुण इतकी मोठी असेल की एडीसीच्या टोकाला सिग्नल कापला जातोय, तर नॉच लावूच नका. कापलेल्या लहरीतून 100, 150 हर्ट्झ तयार होतात आणि कापला गेलेला ईसीजी परत येत नाही. आधी उजव्या पायाचं इलेक्ट्रोड नीट चिकटवा, वायरी एकमेकींत पिळून घ्या, लॅपटॉपचा चार्जर काढा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रोजेक्टांत चार्जर काढल्यावर गुणगुण इतकी घटते की दोन हर्ट्झचा एकच नॉच पुरतो. तरीही 150 वर टोक दिसलं, तर त्याच कोडमध्ये `f0 = 150.0` घालून दुसरा नॉच मालिकेत जोडा.